कॅश ऑन डिलिव्हरी : सगळ्यांना नको, कुणालाच नको असंही नको

मराठी वाचकाला दारात पैसे मोजून वस्तू घेण्याची पद्धत नवी नाही. दिवाळी अंक आणि पुस्तकं कित्येक वर्षं व्ही.पी.ने घरी येत. पोस्टमनला पैसे दिले की व्ही.पी. सुटायची. काही जण मागवूनही ऐनवेळी ती सोडवत नसत. मग पुस्तकं प्रकाशकाकडे परत जायची आणि टपालखर्च त्याच्या अंगावर पडायचा. २०१० साली फ्लिपकार्टने ऑनलाइन खरेदीत कॅश ऑन डिलिव्हरी आणली, तेव्हा सोय जुनीच होती आणि तिचं दुखणंही जुनंच होतं.

२०१६ मध्ये यूपीआय आलं आणि भाजीवाल्याकडेही क्यूआर कोड लागला. आता सगळे पैसे आधीच भरतील, असं तेव्हा अनेकांना वाटलं. तसं झालं नाही. भाजी हातात घेऊन पैसे देणं वेगळं आणि न पाहिलेल्या दुकानाला, न पाहिलेल्या कापडासाठी पैसे पाठवणं वेगळं. सीओडी निवडणाऱ्या बहुतेक ग्राहकांना पैसे भरता येतात, फक्त अनोळखी विक्रेत्याला ते आधी द्यायचे नसतात. फसवणुकीच्या बातम्या रोज वाचणाऱ्या माणसाची ही सावधगिरी रास्तच म्हणावी लागेल.

अडचण विक्रेत्याच्या बाजूने सुरू होते. इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप किंवा स्वतःच्या छोट्या वेबसाइटवरून माल विकणाऱ्याचे महिन्याला दोन-तीनशे ऑर्डर झाले तरी महिनाअखेरीस हातात काही दिसत नाही. पार्सलं गेलेली असतात आणि त्यातली बरीच परतही आलेली असतात. ग्राहकाच्या हाती न पडता परत फिरणाऱ्या पार्सलाला या धंद्यात आरटीओ म्हणतात. वाहनांच्या कचेरीशी त्याचा संबंध नाही, ‘रिटर्न टू ओरिजिन’ची ती आद्याक्षरं. यावर ‘सीओडी बंदच करून टाका’ आणि ‘सीओडीशिवाय धंदा होत नाही’ असे दोन सल्ले सर्रास मिळतात. दोन्ही सल्ले हिशेब न करता दिलेले असतात, म्हणून आधी हिशेब मांडू.

एका परतीची किंमत

इचलकरंजीहून सुती कुर्ते विकणारी एक बाई आहे असं धरून चालू. आकडे उदाहरणाचे आहेत, वाचकाने त्या जागी स्वतःचे घालावेत. ग्राहकाला दिसणारी किंमत ८३९ रुपये, घरपोच मोफत. त्यातला ५ टक्के जीएसटी काढला की तिच्याकडे ७९९ उरतात. कापड आणि शिलाई मिळून कुर्ता ३८० रुपयांना पडतो. पिशवी आणि लेबल १५ रुपये, कुरिअरचं जाण्याचं भाडं ७० रुपये. पैसे गोळा करून देण्याबद्दल कुरिअर घेतं ते सीओडीचे ४० रुपये. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातीचा महिन्याचा खर्च आलेल्या ऑर्डरींनी भागला तर एका ऑर्डरमागे ११० रुपये. हे सगळं वजा जाता ग्राहकाने घेतलेल्या प्रत्येक सीओडी पार्सलावर तिला १८४ रुपये सुटतात.

पार्सल परत आलं तर चित्र उलटतं. जाण्याचं भाडं ७०, परतीचं ६५, पिशवी १५ आणि जाहिरातीचे ११० गेलेच. परत आलेला कुर्ता कधी मळलेला असतो, कधी त्याची घडी मोडलेली असते, कधी हंगाम निघून गेलेला असतो. विसातला एक पुन्हा विकता येत नाही असं धरलं आणि बाकीच्यांची इस्त्री व नवी पिशवी मोजली, तर सरासरी ४० रुपये त्यापायी जातात. एकूण नुकसान ३०० रुपये. यात सीओडीचा आकार परतीच्या पार्सलावर लागत नाही असं धरलं आहे. प्रत्यक्षात काही करारांत तो लागतो, म्हणून आपल्या दरपत्रकातली ती ओळ आधी वाचावी.

आता शंभर सीओडी पार्सलं पाठवली आणि पंचवीस परत आली, तर पंचाहत्तरांवरचा नफा १३,८०० आणि पंचवीसांवरचा तोटा ७,५०० रुपये. हातात उरतात ६,३००. अडतीस परत आली तर नफा जवळपास शून्य होतो. उलट परती पंचवीसवरून पंधरावर आणता आल्या, तर त्याच शंभर पार्सलांवर ११,१४० रुपये उरतात. परती पंचवीस टक्क्यांवरच ठेवून एवढाच नफा मिळवायचा तर शंभराऐवजी १७७ पार्सलं पाठवावी लागतील. नवीन जाहिरात देण्याआधी परतीकडे का पाहावं, याचं उत्तर या हिशेबात आहे.

रुपयांच्या हिशेबात न दिसणारा आणखी एक खर्च म्हणजे अडकलेलं भांडवल. सीओडीचे पैसे पार्सल पोहोचल्याच्या दिवशी मिळत नाहीत. कुरिअर किंवा मधली एजन्सी ते ठरलेल्या वारी, बहुधा आठवड्याभराच्या अंतराने देते. पोहोचायला पाच दिवस आणि पैसे यायला आठ दिवस धरले, तर रोज दहा पार्सलं पाठवणाऱ्या या बाईची कोणत्याही क्षणी सुमारे १३० पार्सलं बाहेर असतात. ३८० रुपये दराने जवळजवळ पन्नास हजारांचा माल झाला. परत फिरलेलं पार्सल यायला तर दोन-तीन आठवडे लागतात. दसऱ्याला पाठवलेला कुर्ता दिवाळी उलटल्यावर परत आला, तर तो पुढच्या सणापर्यंत कपाटात पडून राहतो.

सीओडी बंद केली तर?

आधी पैसे भरलेल्या ऑर्डरवर सीओडीचे ४० रुपये वाचतात. त्याऐवजी पेमेंट गेटवेचं कमिशन जातं. ते सुमारे २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असं धरलं तर या किमतीवर साधारण २० रुपये होतात. म्हणजे पोहोचलेल्या प्रत्येक पार्सलावर फरक फक्त २० रुपयांचा आहे. प्रीपेडचा खरा फायदा पार्सलं क्वचितच परत फिरतात यात आहे. पैसे दिलेला माणूस कुरिअरवाल्याचा फोन उचलतो, नसला तर शेजारी ठेवायला सांगतो.

मग सगळं प्रीपेडच का करू नये? समजा महिन्याला शंभर ऑर्डर येतात, सत्तर सीओडीचे आणि तीस प्रीपेडचे. सीओडी बंद केल्यावर त्या सत्तरांपैकी काही जण पैसे भरतील, बाकीचे दुसऱ्या दुकानात जातील. इथे एक चूक फार होते. निघून गेलेल्या ग्राहकामागचा जाहिरातखर्चही वाचला, असं धरलं जातं. तो वाचत नाही. जाहिरात पाहून, तिच्यावर बोट ठेवून ग्राहक दुकानात आला तेव्हाच ते पैसे खर्ची पडले. म्हणून या तुलनेत जाहिरातीचे ११० रुपये दोन्हीकडून बाजूला ठेवायचे.

तसं केलं की पोहोचलेलं सीओडी पार्सल २९४ रुपये देतं आणि परत आलेलं १९० रुपये घेऊन जातं. पंचवीस टक्के परतीवर पाठवलेल्या एका पार्सलामागे सरासरी १७३ रुपये पडतात. शंभरात तीनच परती धरल्या तर प्रीपेड पार्सलामागे सुमारे २९८ रुपये पडतात. सत्तर सीओडी ऑर्डर १२,११० रुपये मिळवून देत होते. तेवढेच प्रीपेडवर मिळवायचे तर सत्तरांपैकी एकेचाळीस जणांनी पैसे आधी भरायला हवेत. नव्या, अनोळखी दुकानासाठी ही अपेक्षा फार मोठी आहे. ज्याच्याकडे तेच ते ग्राहक पुन्हा येतात अशा दुकानाला मात्र ती परवडते.

आता ज्या भागातून पंचेचाळीस टक्के पार्सलं परत येतात, त्या भागाचा हाच हिशेब करा. तिथे सीओडी पार्सलामागे सरासरी केवळ ७६ रुपये पडतात. सत्तरांपैकी अठराच जण प्रीपेडला वळले तरी बरोबरी होते. म्हणजे एकाच दुकानात एका भागासाठी सीओडी चालू ठेवणं शहाणपणाचं असतं आणि दुसऱ्या भागासाठी ती बंद करणं शहाणपणाचं असतं. निर्णय दुकानाचा एकच नसतो, तो ऑर्डरगणिक घ्यायचा असतो. त्यासाठी आपला माल कुठून आणि का परत येतो, हे माहीत हवं.

परतीची वही

एक साधं एक्सेल पान किंवा दोनशे पानी वही पुरते. प्रत्येक पार्सलासमोर तारीख, पिनकोड, नवा ग्राहक की जुना, सीओडी की प्रीपेड, रक्कम, कुरिअर, किती दिवसांत पोहोचलं आणि परत आलं तर का, एवढं लिहायचं. दोन-तीन महिन्यांनी ही वही बोलू लागते.

पिनकोडाचा विचार करताना घाई होते. एका गावात पाच पार्सलं गेली आणि तीन परत आली, की ते गाव ‘खराब’ ठरवलं जातं. पाचांवरून काहीच ठरत नाही, पुढची पाचही पोहोचू शकतात. एका गटाची निदान वीस-तीस पार्सलं झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. छोट्या विक्रेत्याकडे एका पिनकोडाची एवढी पार्सलं जमत नाहीत, म्हणून पिनकोडाच्या पहिल्या तीन आकड्यांनी गट करावेत. हे तीन आकडे टपाल खात्याचा वर्गीकरण जिल्हा दाखवतात. ४११ पुणे, ४१६ कोल्हापूर-सांगलीकडचा भाग, ४०३ गोवा. गट मोठा झाला की आकडा भरवशाचा होतो.

वहीत बहुधा दिसतं ते असं : जुन्या ग्राहकांची पार्सलं क्वचित परत येतात. पोहोचायला उशीर झाला की परती वाढतात, कारण जाहिरात पाहून रात्री उठलेली हौस सात-आठ दिवसांत ओसरते किंवा तसाच कुर्ता गावातल्या दुकानात मिळून जातो. आणि एखाद्या गटात परती अचानक वाढल्या असतील, तर कधी कधी तिथले ग्राहक बदललेले नसतात, तिथलं कुरिअर बदललेलं असतं.

पाठवण्यापूर्वीचा एक निरोप

ऑर्डर आली की लगेच पार्सल बांधायचं नाही. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप पाठवायचा, उत्तर आलं नाही तर फोन करायचा. निरोप साधा असावा. ‘नमस्कार ताई, तुमचा निळा सुती कुर्ता, साइज एल, ८३९ रुपये, ही ऑर्डर मिळाली. उद्या पार्सल निघेल, साधारण पाच दिवसांत पोहोचेल. पत्त्यात जवळची खूण सांगाल का? ऑर्डर नक्की असेल तर “हो” लिहा.’ या चार ओळींत बरीच कामं होतात. चुकीचा नंबर उघड होतो. लेकराने मोबाइलवर खेळताना दाबलेली ऑर्डर गळते. साइज चुकली असेल तर आत्ताच कळते. ‘मारुती मंदिराच्या मागे, पिवळं घर’ ही खूण कुरिअरच्या पोराला पत्त्यातल्या गट नंबरापेक्षा जास्त उपयोगी पडते. रक्कम आणि दिवस आधीच कळल्याने ग्राहक पैसे काढून ठेवतो, किंवा त्या दिवशी घरी कुणी नसेल तर तसं सांगतो.

उत्तरच आलं नाही तर? इथे विक्रेते दोन टोकं गाठतात. काही सरसकट पाठवून देतात, काही सरसकट रद्द करतात. पुन्हा आकड्यांकडे जाऊ. या टप्प्यावर जाहिरातीचे पैसे गेलेलेच आहेत. पार्सल पोहोचलं तर २९४ रुपये मिळतील, परत आलं तर १९० जातील. म्हणजे अशा दहा पार्सलांतली चार जरी घेतली गेली तरी पाठवण्यात तोटा नाही, चारांहून कमी घेतली जातील असं वहीवरून दिसत असेल तर पाठवू नये. संशय आला की ऑर्डर रद्द करणाऱ्याला वाटतं आपण नुकसान वाचवलं, पण तो बऱ्याचदा मिळणारा नफाही सोडून देत असतो. ज्याचा माल नाशवंत आहे, त्याच्यासाठी ही मर्यादा अर्थातच वर सरकते. नाशवंत वस्तू परत आली की ती जवळजवळ पूर्ण गेली. घरचे लाडू-चिवडा विकणाऱ्याने अनोळखी ग्राहकाला सीओडी न देणंच बरं.

अधल्यामधल्या ऑर्डरींसाठी चांगला मार्ग म्हणजे थोडी आगाऊ रक्कम. १०० रुपये यूपीआयने आता, उरलेले दारात. ग्राहकाला सगळे पैसे अनोळखी हाती द्यावे लागत नाहीत, आणि शंभर रुपये दिलेला माणूस पार्सल सहसा नाकारत नाही. नाकारलंच तर नुकसान १९० वरून ९० वर येतं. मात्र पार्सल नाकारल्यास ही रक्कम परत मिळणार नाही, हे पैसे घेण्याआधी स्पष्ट लिहून कळवायला हवं. माल सदोष निघाला किंवा आपल्याकडूनच उशीर झाला तर ती बिनबोभाट परत करायला हवी. आगाऊ रक्कम सर्वांना मागू नये. पहिल्यांदाच मागवणारा, मोठी रक्कम, जास्त परतीचा भाग किंवा निरोपाला उत्तर नाही, अशांनाच मागावी. चार वेळा मागवलेल्या ताईंना शंभर रुपये मागितले, तर त्या दुखावतील.

दारात नेमकं काय घडतं

पार्सल पोहोचवता आलं नाही की कुरिअर एक शेरा नोंदवतं. याला एनडीआर म्हणतात. ‘ग्राहक घरी नाही’, ‘पत्ता अपुरा’, ‘ग्राहकाने नाकारलं’ असे ठरावीक शेरे असतात. बहुतेक कुरिअर तीन वेळा प्रयत्न करतात, मग पार्सल परत फिरवतात. पहिला शेरा आणि परतीचा निर्णय यांमधले एक-दोन दिवस हीच विक्रेत्याची संधी असते. म्हणून एनडीआरची यादी रोज सकाळी उघडून त्याच दिवशी ग्राहकाला फोन करायचा आणि कुरिअरला पुन्हा जाण्याची सूचना, नवी खूण किंवा दुसरा नंबर द्यायचा. आठवड्यातून एकदा यादी पाहणाऱ्याच्या हाती फक्त परत आलेली पार्सलं लागतात.

या फोनमुळे शेरा खरा की खोटा हेही कळतं. दिवसाचा कोटा संपला नाही की काही मुलं न जाताच ‘ग्राहक घरी नाही’ असं नोंदवतात. ‘अहो, मी दिवसभर घरीच होते, फोनसुद्धा आला नाही,’ असं एका ग्राहकाने सांगितलं तर गैरसमज असू शकतो. एकाच पिनकोडातल्या तीन-चार जणांनी तेच सांगितलं, तर दोष त्या शाखेचा आहे. अशा वेळी तारीख आणि एडब्ल्यूबी नंबर, म्हणजे पार्सलाचा मागोवा नंबर, देऊन लेखी तक्रार करावी आणि त्या भागासाठी कुरिअर बदलावं. मधल्या एजन्सीमार्फत पाठवणाऱ्याला पिनकोडाप्रमाणे कुरिअर निवडता येतं. ही सोय असूनही अनेक जण सगळ्यात स्वस्त कुरिअर कायमचं लावून ठेवतात. भाड्यात वाचलेले पाच रुपये एका परतीत साठपटीने जातात.

भाड्याचं आणखी एक सांगायला हवं. कुरिअर खरं वजन आणि आकारावरून काढलेलं वजन, यांतलं जे जास्त ते धरतं. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारणपणे ५,००० ने भागतात. ३० बाय २५ बाय ५ च्या खोक्यात ठेवलेला हलका कुर्ताही पाऊण किलोचा मोजला जातो आणि अर्ध्या किलोचा टप्पा ओलांडतो. तोच घडी घालून ३ सेंटिमीटर जाडीच्या पिशवीत बसवला तर ४५० ग्रॅममध्ये बसतो. परतीच्या पार्सलावर हा फरक दोनदा भरावा लागतो.

परत आलेलं पार्सल उघडताना लेबलापासून शेवटपर्यंत सलग व्हिडिओ काढावा. आत दुसरीच वस्तू निघाली किंवा पिशवी फाडून पुन्हा चिकटवलेली दिसली, तर पुराव्याशिवाय भरपाईचा दावा टिकत नाही. दाव्याची मुदतही थोडी, बहुधा एक-दोन दिवसांची असते.

सवलत कुणाला द्यायची

‘आधी पैसे भरा, ५० रुपये सूट मिळवा’ असं लिहिणं सोपं आहे. पण ही सूट आधीपासून प्रीपेडने घेणाऱ्या तीस जणांनाही मिळते आणि तिथे सुमारे १,४०० रुपये विनाकारण जातात. वर केलेल्या हिशेबात ते भरून यायला सीओडीवाल्या सत्तरांपैकी अठरा जण वळावे लागतात. त्यातही एक गोम आहे. सुटीला भुलून वळणारे बहुधा तेच असतात जे पार्सल तसंही घेणार होते. अशा ग्राहकामागे फक्त २० रुपयांची बचत आणि लवकर मिळणारे पैसे पदरात पडतात, सूट मात्र ५० रुपयांची जाते. घ्यावं की नाही अशा मनःस्थितीत ऑर्डर दाबणारा सुटीनेही वळत नाही, कारण त्याला पैसे आधी द्यायचेच नसतात.

म्हणून सूट दुकानाच्या पाटीवर लावण्यापेक्षा खात्रीच्या निरोपात द्यावी, तीही जास्त परतीच्या भागातल्या नव्या ग्राहकाला. तिथे एक परत टळली तरी सूट वसूल होते. दुसरा पर्याय म्हणजे सीओडीवर ४० रुपयांचा वेगळा आकार लावणं. तो लावायचा तर किमतीसोबत, सुरुवातीलाच दिसला पाहिजे. शेवटच्या पानावर अचानक रक्कम वाढवणं हे केंद्र सरकारच्या २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’विषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनुचित आहे.

ग्राहक हळूहळू प्रीपेडला वळतो तो विश्वासामुळे. उचलला जाणारा फोन नंबर, दुकानाचा खरा पत्ता, दिवसाच्या उजेडात काढलेला कापडाचा फोटो, इंचांत दिलेलं मापांचं कोष्टक, आणि पैसे परत किती दिवसांत मिळतील याची एक ओळ, एवढ्या गोष्टी पानावर असाव्यात. ‘नो रिटर्न, नो एक्स्चेंज’ ही पाटी ग्राहकाला घाबरवते आणि कायद्यापुढे टिकतही नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष, वर्णनाशी न जुळणारा किंवा कबूल केलेल्या मुदतीनंतर पोहोचलेला माल परत घ्यायला नकार देता येत नाही. ग्राहकाने घेतल्यानंतर परत केलेल्या मालात साइजची तक्रार वारंवार दिसत असेल, तर ती कोष्टक सुधारून कमी होते, सीओडी बंद करून नव्हे. दोन्ही प्रकारच्या परती वहीत वेगळ्या लिहाव्यात, कारण त्यांची औषधं वेगळी आहेत.

सुरुवात करायची तर आधी महिनाभर काहीही बंद न करता फक्त वही लिहा आणि एनडीआरचे फोन त्याच दिवशी करा. पुढच्या महिन्यापासून प्रत्येक नव्या सीओडी ग्राहकाला निरोप पाठवून त्याचं उत्तर पाहा. वीस-तीस पार्सलांनंतर ज्या भागाच्या परती चाळीस टक्क्यांच्या वर राहतात, तिथे आगाऊ रक्कम मागा, आणि तरीही आकडा हलला नाही तर तिथे फक्त प्रीपेड ठेवा. जुन्या ग्राहकाला दोन्ही मार्ग खुले असू द्या. आणि दर महिन्याला किती ऑर्डर आल्या हे मोजण्याऐवजी किती पार्सलं घेतली गेली आणि प्रत्येकामागे किती रुपये उरले, हे मोजा. छोट्या ऑनलाइन धंद्याचा नफा या दोन आकड्यांतच असतो.